पन्नास नंबरची खोली दोघांना

प्रिंटर जेवणाच्या सुट्टीत बरोबर चालतो, ही गोष्ट सगळ्यांत आधी तात्यांच्या लक्षात आली. तात्या म्हणजे सांगलीतल्या एका सीएच्या ऑफिसातले शिपाई. जुलै महिना होता, रिटर्न भरायची घाई होती, आणि सात कॉम्प्युटरांना मिळून एकच मोठा प्रिंटर होता. सकाळी दहानंतर तो कोणाचं ऐकेल याचा नेम राहत नसे. मॅडमच्या टेबलावरून प्रिंट निघायची, शेजारच्या टेबलावरून निघायची नाही, आणि पाच मिनिटांनी नेमकं उलटं व्हायचं. काही दिवस तर दिवसभर काहीच तक्रार नसे. टोनर बदलून झाला, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकून झाला, केबल बदलून झाली. साहेबांनी नव्या प्रिंटरचं कोटेशनही मागवलं होतं. मी गेलो तेव्हा तात्या दारातच म्हणाले, ‘‘सर, याला माणसांचा त्रास होतोय. सगळी जेवायला गेली की हा सुतासारखा सरळ.’’

तात्यांचं निदान अर्ध्याहून जास्त बरोबर निघालं. प्रिंटर ठणठणीत होता. त्याचा नंबर दुसऱ्या कोणाला तरी दिला गेला होता, आणि तो ‘दुसरा’ दुपारी जेवायला बाहेर जात होता.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. घरात किंवा लहान ऑफिसात तो बहुधा 192.168.1.50 अशासारखा असतो. पहिले तीन आकडे सगळ्यांना सारखे, शेवटचा ज्याचा त्याचा. एखाद्या लॉजमध्ये गल्ली एकच आणि खोल्यांचे नंबर वेगळे, तसं. हे नंबर वाटायचं काम राउटर करतो. वाटण्याच्या पद्धतीचं नाव डीएचसीपी, आणि ती १९९३पासून आहे. राउटर हा लॉजचा मॅनेजर समजा. पाहुणा आला की तो रजिस्टर उघडतो, रिकामी खोली बघतो, ‘‘घ्या, तेवीस नंबर, उद्या सकाळपर्यंत’’ असं सांगतो आणि नोंद करतो. ‘उद्या सकाळपर्यंत’ या मुदतीला लीज म्हणतात. वाटण्यासाठी त्याच्या ताब्यात दिलेल्या खोल्यांना म्हणतात पूल. (नदीवरचा नव्हे.)

आता काही पाहुणे असे असतात की त्यांचा नंबर रोज बदलून चालत नाही. प्रिंटर हा त्यातला पहिला. सातही कॉम्प्युटरांत ‘प्रिंटर 192.168.1.50 वर आहे’ असं लिहून ठेवलेलं असतं. उद्या तो ५१ वर गेला तर सातही जण रिकाम्या खोलीचं दार वाजवत बसतील. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, हजेरीचं अंगठ्याचं मशिन, टॅलीचा डेटा असलेला कॉम्प्युटर, यांचंही तेच. म्हणून बसवणारा माणूस त्या यंत्राच्या मेन्यूत जाऊन नंबर हातानं टाकतो. याला स्टॅटिक म्हणायचं. मॅनेजरला न विचारता, स्वतःची किल्ली घेऊन मागच्या दारानं पन्नास नंबरच्या खोलीत जाऊन राहिलेला हा पाहुणा. रजिस्टरमध्ये त्याची नोंद नाही. ती खोली मॅनेजरच्या ताब्यातली नसेल, तर बिघडत काहीच नाही. तिथं भाड्याला कोणी येणारच नाही.

या ऑफिसात पाच वर्षं असंच सुरळीत चाललं होतं. जुन्या राउटरचा पूल १०० ते १९९ होता. प्रिंटर ५० वर, डीव्हीआर ६४ वर, टॅलीचा कॉम्प्युटर १० वर, हजेरीचं मशिन २०१ वर. चारही पुलाच्या बाहेर. बसवणाऱ्यानं नीट विचार करून बसवलं होतं. मग फेब्रुवारीत फायबरचं कनेक्शन घेतलं. तो माणूस स्वतःचा राउटर घेऊन आला, जुना काढून कपाटावर ठेवला, नवा लावला, ‘‘स्पीड बघा साहेब’’ म्हणाला आणि गेला. नव्या राउटरचा पूल कारखान्यातून आला तसाच होता, २ ते २५४. म्हणजे अख्खा लॉज. एका दुपारी, कोणीही काहीही चुकीचं टाइप न करता, चारही हातानं टाकलेले नंबर पुलाच्या आत आले. माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींच्या मुळाशी बऱ्याचदा राउटरची अदलाबदलच निघते. लोक नंबर चुकला असं समजतात. नंबर होता तिथंच असतो, कुंपण सरकलेलं असतं.

मग फेब्रुवारी ते जुलै काहीच कसं झालं नाही? कारण पुलात २५३ नंबर होते. नवा फोन वायफायला जोडला की त्याला नेमका ५० मिळण्याची शक्यता अडीचशेत एक. अशिलांचे धरून रोज दोन नवे फोन आले, तरी सरासरीनं चार महिन्यांत एकदा हा योग यायचा. (काही राउटर नंबर ओळीनं वाटतात, तिथं हिशेब वेगळा.) म्हणून राउटर बदलल्याची आणि प्रिंटर बिघडल्याची सांगड कोणी घालत नाही. मधे चार महिने गेलेले असतात आणि फायबरवाल्याचा फोन नंबरही हरवलेला असतो.

शिवाय बरेच राउटर इतके बेफिकीर नसतात. खोली देण्याआधी ते दार ठोठावून बघतात, म्हणजे त्या नंबरला पिंग करतात. आतून उत्तर आलं तर ती खोली सोडून दुसरी देतात. पण तात्या रोज संध्याकाळी घरी जाताना मेन स्विच बंद करायचे, शिस्तीचा माणूस. सकाळी दहाला ते स्विच चालू करेपर्यंत प्रिंटर झोपलेला. मॅनेजरनं नऊ वाजता दार ठोठावलं तर आतून ओ कोण देणार?

आणि नऊ वाजता येत होता आर्टिकलशिप करणारा एक मुलगा. कॉलेज नसेल त्या दिवशी नऊला, असेल त्या दिवशी बाराला. नऊला आला की त्याच्या फोनला ५० नंबर मिळे. दहाला प्रिंटर चालू होई, आणि तोही स्वतःला ५० म्हणे. बाराला आला तर तोवर प्रिंटर जागा असे, ठोठावल्यावर ओ देई, आणि मुलाच्या फोनला दुसरा नंबर मिळे. तो दिवस बिनतक्रारीचा.

दोघांचा नंबर एक झाला की नेमकं काय होतं, ते जरा बारकाईनं बघण्यासारखं आहे, कारण सगळी विचित्र लक्षणं तिथूनच निघतात. वायरवरून किंवा वायफायवरून प्रत्यक्ष माल पोचवताना आयपी अ‍ॅड्रेस पुरत नाही. त्या यंत्राचा कारखान्यातून आलेला मॅक अ‍ॅड्रेस लागतो. म्हणून कॉम्प्युटर आधी सगळ्यांना ओरडून विचारतो, ‘‘पन्नास नंबर कोणाचा?’’ ज्याचा असेल तो स्वतःचा मॅक सांगतो. या विचारपुशीला एआरपी म्हणतात. ती १९८२ची, आणि त्या काळाला साजेशी भोळी आहे. जो ‘मी’ म्हणेल त्याच्यावर विश्वास, ओळखपत्र कोणी मागत नाही. दोघं ‘मी’ म्हणाले, तर ज्याचं उत्तर मनावर ठसलं तो खरा. आणि प्रत्येक कॉम्प्युटर ही नोंद आपापल्या वहीत ठेवतो. मॅडमच्या वहीत प्रिंटरचा मॅक, शेजारच्या टेबलावरच्या वहीत फोनचा. मॅडमचं पान छापलं जातं. शेजाऱ्याचं पान मुलाच्या खिशातल्या फोनकडे जातं. फोनला छपाईतलं काही कळत नाही, तो ते नाकारतो, आणि स्क्रीनवर प्रिंटर ऑफलाइन दिसतो. थोड्या वेळानं वह्यांमधल्या नोंदी शिळ्या होतात, पुन्हा विचारपूस होते, आणि नशीब पालटतं. मुलगा फोन घेऊन जेवायला गेला की ‘मी’ म्हणणारा एकच उरतो, आणि मिनिटभरात सगळ्यांचं चालू.

हे टाळायचा नियम आहे. २००८ साली तो लिहून ठेवला गेला: नंबर घेण्याआधी यंत्रानं स्वतः विचारावं, ‘‘हा कोणी वापरतंय का?’’ आणि उत्तर आलं तर तो घेऊ नये. विंडोज हे करतं. म्हणून भांडण टॅलीच्या कॉम्प्युटरशी झालं असतं तर ‘Windows has detected an IP address conflict’ असा स्वच्छ निरोप दिसला असता आणि पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण प्रिंटर, कॅमेरा, हजेरीचं मशिन यांतली पुष्कळ यंत्रं एकतर विचारतच नाहीत, किंवा विचारून बोलत नाहीत. बोलणार तरी कुठं, दोन ओळींच्या त्या पडद्यावर!

खात्री करायला महागडं काही लागत नाही. मी प्रिंटरच्या मागची नेटवर्कची केबल काढली. आता ५० नंबर ओसाड पडायला हवा. मग एका कॉम्प्युटरवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी वहीतली जुनी नोंद पुसली, हाक मारली, आणि वही पुन्हा पाहिली:

```
arp -d 192.168.1.50
ping 192.168.1.50
arp -a 192.168.1.50
```

उत्तर आलं:

```
192.168.1.50    da-41-7e-09-c3-15    dynamic
```

केबल माझ्या हातात आणि ५० नंबर तरी जागा. इथंच प्रकरण निकालात निघालं. पहिली ओळ विसरू नका. जुनी नोंद पुसली नाही तर शिळं उत्तर दिसतं आणि माणूस फसतो. पिंगला उत्तर आलं नाही म्हणूनही हुरळून जाऊ नका. फोन आणि कॉम्प्युटर पिंगकडे मुद्दाम दुर्लक्ष करू शकतात, पण एआरपीला उत्तर दिल्याशिवाय त्यांचं नेटवर्क चालत नाही. म्हणून शेवटची ओळ बघायची. तिथं मॅक अ‍ॅड्रेस दिसला की कोणीतरी आहे.

आता हा कोण? प्रिंटरच्या मेन्यूतून नेटवर्कचं पान छापून घेतलं, त्यावरचा मॅक वेगळाच होता. मग da नं सुरू होणाऱ्याकडे वळलो. मॅकमधलं दुसरं अक्षर 2, 6, a किंवा e असेल, तर तो कारखान्याचा खरा मॅक नसतो, यंत्रानं स्वतः बनवलेला असतो. हल्लीचे अँड्रॉइड आणि आयफोन ओळख लपवायला असे बनावट मॅक वापरतात. म्हणजे बहुधा फोन. राउटरच्या पानावर डीएचसीपी क्लायंट लिस्ट असते, म्हणजे आपलं रजिस्टर. तिथं ५० समोर हाच मॅक आणि शेजारी फोनचं मॉडेल. ‘‘हा कोणाचा?’’ विचारल्यावर मुलानं हात वर केला. चेहरा असा, की जणू दुरुस्तीचा खर्च त्याच्याच स्टायपेंडमधून कापणार आहेत. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याला जी खोली दिली, तिथं तो राहिला.

‘‘मग याला वायफाय देऊ नका, संपलं,’’ साहेब म्हणाले. हा उपाय नव्हे. उद्या अशिलाचा फोन तिथं येईल. दुसरी सूचना आली प्रिंटरचा नंबर बदलायची. तो मोह बऱ्याच दुरुस्तीवाल्यांना होतो: ५० वर भांडण आहे ना, मग प्रिंटरला ७७ देऊन टाका. त्यासाठी सातही कॉम्प्युटरांवर प्रिंटरचा पोर्ट बदलावा लागतो, आणि एवढं करून ७७ देखील पुलातच! चार महिन्यांनी पुन्हा फोन येणार. (दुरुस्तीवाल्याच्या दृष्टीनं हा धंदा वाईट नाही, हे खरं.)

यंत्रांना हात न लावता कुंपण मागं घ्यायचं, हा सरळ मार्ग. राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर ‘Start’ आणि ‘End’ अशा दोन चौकटी असतात. तिथं 192.168.1.2 च्या जागी 192.168.1.100 आणि 192.168.1.254 च्या जागी 192.168.1.199 लिहिलं. १०, ५०, ६४ आणि २०१, चारही एका फटक्यात पुलाबाहेर. त्याच पानावर सबनेट मास्क म्हणून 255.255.255.0 असतं. त्याला हात लावायचा नाही. शंभर नंबर पुरतील का, असं मॅडमनी विचारलं. सात कॉम्प्युटर, पंधरा-वीस फोन, येणारे-जाणारे. फोन मॅक बदलत असल्यामुळे एखादा फोन दोन नंबर अडवून बसतो, पण लीज चोवीस तासांची असल्यानं ते परत मिळतात. शंभर भरपूर झाले.

मात्र चौकटी बदलल्या म्हणून आधी वाटलेले नंबर त्या क्षणी परत येत नाहीत. ज्याला ५० मिळालाय, तो मुदत संपेपर्यंत किंवा पुन्हा जोडेपर्यंत तिथंच असतो. त्यात एक फसवं वळण आहे. राउटर बंद-चालू करून हे सुटेल असं वाटतं, पण बऱ्याच घरगुती राउटरांचं रजिस्टर त्यांच्या तात्पुरत्या स्मरणातच असतं. लाइट गेली की रजिस्टर कोरं होतं, आणि यूपीएसवर चालणारे कॉम्प्युटर मात्र आपापले जुने नंबर धरून बसलेले असतात. कोऱ्या रजिस्टरचा मॅनेजर तेच नंबर नव्या माणसांना देऊ शकतो. लाइट येऊन गेल्यावर घटकाभर जे चमत्कार होतात, त्यातले काही हेच. म्हणून हे काम संध्याकाळी करावं. आम्ही सहानंतर केलं. आधी राउटर, मग सगळे कॉम्प्युटर बंद करून चालू, आणि फोनांचं वायफाय एकदा बंद-चालू. एखादा कॉम्प्युटर बंद करणं शक्य नसेल तर त्यावर या दोन ओळी पुरतात:

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

एवढ्यावर थांबलं तरी चाललं असतं. मी आणखी एक केलं, रिझर्व्हेशन. राउटरला सांगायचं, या मॅकचा पाहुणा आला की त्याला ५० नंबरच द्या आणि तो दुसऱ्या कोणाला देऊ नका. मग प्रिंटरमधला हातानं टाकलेला नंबर काढून त्याला ‘ऑटो’वर ठेवता येतं. नंबर कायमचा, पण नोंद रजिस्टरमध्ये. माझ्या मते नवीन बसवताना हीच पद्धत बरी. कुठला नंबर कोणाचा हे शोधायला चार यंत्रांचे मेन्यू धुंडाळावे लागत नाहीत, एका पानावर सगळं दिसतं. काही राउटर पुलाबाहेरचा नंबर राखून ठेवू देत नाहीत. तिथं पुलातलाच नंबर राखायचा, तोही सुरक्षितच असतो. पण हे फोनसारख्या मॅक बदलणाऱ्या यंत्राला लागू पडत नाही, त्याचा मॅक बदलला की राखीव खोलीचा हक्क गेला. आणि राउटर बदलला की रिझर्व्हेशनची यादी त्याच्याबरोबर कपाटावर जाते. म्हणून त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

टॅलीच्या कॉम्प्युटरचा १० मात्र मी हातानं टाकलेलाच ठेवला. राउटर बंद पडला, तरी आतल्या आत टॅली चालायला हवं होतं, आणि ३१ जुलैला आठवडा राहिला होता. ज्या खोलीला पाच वर्षं त्रास नाही, तिचं कुलूप सणासुदीला बदलू नये.

एक गोष्ट तपासायची राहू नये म्हणून सांगतो. वायफायची रेंज वाढवायला कोणी जुना राउटर दुसऱ्या खोलीत जोडला, आणि त्याचंही वाटप चालू राहिलं, तर लॉजला दोन मॅनेजर होतात आणि हीच लक्षणं दिसतात. मग कुंपण कितीही नीट लावा, उपयोग नाही. `ipconfig /all` मध्ये ‘DHCP Server’ अशी ओळ असते. दोन-तीन कॉम्प्युटरांवर ती पाहायची, नंबर सगळीकडे सारखाच असला पाहिजे. वेगळा दिसला तर जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद करायचं.

दुसऱ्या दिवशी मुलगा नऊला आला आणि त्याच्या फोनला ११८ मिळाला. दहाला तात्यांनी स्विच चालू केला. नव्या प्रिंटरचं कोटेशन साहेबांच्या ड्रॉवरमध्येच राहिलं. राउटरच्या पाठीवर मी एक चिठ्ठी चिकटवली: ‘१०० ते १९९ राउटरचे. बाकीचे आपले. १० टॅली, ५० प्रिंटर, ६४ कॅमेरा, २०१ हजेरी.’ तुमच्याकडे पुढच्या वेळी कोणी राउटर बदलायला आलं, तर स्पीड बघून झाल्यावर त्याला दोन मिनिटं थांबवा आणि पुलाच्या त्या दोन चौकटी चिठ्ठीप्रमाणे भरून घ्या.